धडगावच्या पाड्यावरून फंडरच्या टेबलापर्यंत: चाळीस मेल गेले, उत्तर एकाचं आलं

पायवाट_शहादा

नमस्कार मंडळी. मी शहाद्याला राहते, काम धडगाव तालुक्यातल्या दोन पाड्यांवर. दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. पोरं सोबत गेली की शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून मागे आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या पोरांसाठी आम्ही नोव्हेंबर ते एप्रिल केंद्र चालवतो. दोन वेळचं जेवण, संध्याकाळचा अभ्यास, रात्री झोपायची सोय. गेल्या हंगामात ६४ पोरं होती. संस्था २०२० ची, करसवलतीची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी आहे, कंपन्यांचे सीएसआरचे, म्हणजे कायद्याने समाजकामावर खर्चायचे, पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-१ चा नंबरही काढलाय.

आजवर गावातल्या देणग्या आणि नाशिकच्या दोन डॉक्टरांवर चाललं. यंदा ते जमणार नाही. मी कंपन्यांच्या आणि फाउंडेशनच्या वेबसाइटवरून पत्ते काढून चाळीस जणांना प्रस्ताव पाठवले. एकाच मॅडमचं उत्तर आलं. त्या प्रोग्राम ऑफिसर आहेत, ऑगस्टमध्ये येऊनही गेल्या. आणि ऑगस्टमध्ये आमचं केंद्र बंद! पाऊस, चिखल, कुलूप लावलेली खोली, एवढंच त्यांनी पाहिलं. जाताना म्हणाल्या, "प्रस्ताव पाठवून ठेवा." पाठवला. महिना झाला, काही नाही.

मला पैशाआधी माणसं हवीत असं आता वाटतंय. पण ही माणसं भेटतात कुठे? मुंबईत एक परिषद आहे, शुल्क आणि जाणं-येणं धरून आठ-नऊ हजार जातील. जाऊ का?

केळीबाग_रावेर

ताई, आमच्या गावच्या वाचनालयासाठी मीपण तीन वर्षं फिरतोय. शेवटी आमदारांच्या पीएला धरलं, तर त्याने सभागृह देऊ म्हणून सांगितलं. वाचनालय मागितलं, सभागृह मिळतंय! तुम्हीपण आधी आमदार निधी बघा ना. सगळं तिथूनच सुटतं.

पायवाट_शहादा

दादा, निधीतून इमारत होईल. पोरांना रोज संध्याकाळी भाकरी कोण वाढणार, त्याचा पगार त्यातून निघत नाही.

आकडेमोड_धुळे

मी काही संस्थांचे हिशोब बघतो म्हणून सांगतो. सीएसआरच्या पैशात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, कायदाच आहे. त्यामुळे बजेटमध्ये समन्वयकाचा पगार, ऑफिसभाडं वगैरे टाकू नका, ऑफिसर पहिल्याच वाचनात फाईल बाजूला ठेवतो. फक्त पोरांवरचा थेट खर्च दाखवा.

पायवाट_शहादा

हेच मला आणखी एकाने सांगितलं होतं, म्हणून मी समन्वयकाचा पगार काढूनच टाकला. तो आता माझ्या नवऱ्याच्या पगारातून जातो. हसू नका.

जुनी_फाईल

हसत नाही. मी मूळचा अमळनेरचा, आठ वर्षं पुण्यात एका कंपनीच्या फाउंडेशनमध्ये प्रोग्राम ऑफिसर होतो, आता सोडलंय. सावकाश लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात तीन-चार गाठी एकत्र पडल्यात.

आधी ते ५ टक्के. आकडेमोड यांचा आकडा बरोबर, माणूस चुकीचा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, म्हणजे त्यांच्या सीएसआर विभागाचा पगार, कचेरी वगैरे. केंद्र चालवायला लागणारा समन्वयक हा कार्यक्रमाचाच खर्च. काही कंपन्या स्वतःच्या धोरणात संस्थेवरही टक्केवारी लादतात, ते वेगळं. पण तो त्यांचा नियम झाला, कायद्याचा नव्हे. अशा वेळी विचारायचं, "तुमच्याकडे यावर काय पद्धत आहे?" हा प्रश्न ऑफिसरला आवडतो, कारण समोरच्याला काम कळतं हे त्यातून दिसतं. उलट समन्वयकच नसलेलं बजेट आलं की मी दचकायचो. ६४ पोरांचं रात्रीचं केंद्र बघतंय कोण?

दुसरी गाठ ऑफिसरची. मॅडमना पैसे द्यायचा अधिकार नाही. त्या फाईल उचलतात, मग त्यांचा वरिष्ठ, मग सीएसआर समिती, मग संचालक मंडळ. समितीसमोर तुम्ही नसता, त्या असतात. माझी अंतर्गत टिप्पणी दोन पानांची असायची आणि समितीत ठरलेले प्रश्न यायचे: हाच जिल्हा का, हीच संस्था का, माणशी खर्च किती, आपण थांबलो तर पुढे काय, कागद पूर्ण आहेत का. ज्या संस्थेचा माणूस मला या प्रश्नांची उत्तरं फोनवर सहज देऊ शकायचा, तिची टिप्पणी मी आधी लिहायचो. ओळख म्हणतात ती एवढीच. चहा-नाश्त्याचा त्यात फारसा संबंध नसतो.

"पाठवून ठेवा" म्हणजे बहुतेक वेळा नम्र नकार, किंवा "आत्ता माझ्या हातात काही नाही". खरा रस असला की ऑफिसर तीन वर्षांचे ऑडिट मागतो, आणखी कोण पैसे देतंय विचारतो, तुमच्या आकड्यांशी भांडतो. भांडण झालं का तुमचं मॅडमशी?

पायवाट_शहादा

नाही. एकच विचारलं होतं, "दर मुलामागे १८,००० जास्त नाही का?" मी म्हटलं, महागाई आहे. विषय तिथेच संपला.

जुनी_फाईल

हेच ते भांडण, तुमच्या लक्षात आलं नाही! त्यांना समितीसाठी उत्तर हवं होतं. तुमचं एकूण बजेट किती?

पायवाट_शहादा

११ लाख ५२ हजार. ६४ पोरं, सहा महिने.

जुनी_फाईल

मग महिन्याला दर पोरामागे ३,००० झाले. त्यात दोन वेळचं जेवण, रात्रीचा मुक्काम, अभ्यास. असं मांडलं की ऐकणारा मनात आपल्या घरच्या पोराचा महिन्याचा खर्च लावतो आणि आकडा त्याला पटतो. १८,००० म्हटलं की तो शाळेची फी लावतो. आकडा तोच आहे. आता त्यात समन्वयकाचा पगार टाका. समजा १५,००० महिना, सहा महिन्यांचे ९०,०००. एकूण १२ लाख ४२ हजार, म्हणजे दर पोरामागे महिन्याला साधारण ३,२३५. वाढ केवढी? दोनशे पस्तीस रुपये. यासाठी नवऱ्याचा पगार कशाला जाळता?

भाऊ_शिरपूर

आमनं बी आसंच व्हयनं ताई. आम्ही तर एजंटच्या नादी लागलो. धुळ्यात एक जण भेटला, म्हणे मोठ्या कंपनीत माझा माणूस आहे, २५ लाखांची फाईल बसवून देतो. आधी २५ हजार "प्रोसेसिंग", मग मंजूर रकमेचे १५ टक्के. आम्ही २५ हजार दिले. त्याने एका माणसाशी फोनवर बोलणं करून दिलं, तो इंग्रजीत फार गोड बोलला. नंतर दोघांचेही फोन बंद. बाकी भो, तो खरंच कंपनीचा असता तरी मी काय केलं असतं? १५ टक्के कुठल्या खात्यात दाखवले असते?

आकडेमोड_धुळे

दाखवता येत नाहीत, हाच मुद्दा. मग लोक खोटी बिलं लावतात आणि ऑडिटला माझ्याकडे येतात. ५ टक्क्यांबद्दल मी चुकलो होतो बहुतेक, पुन्हा वाचतो. यात मात्र चुकत नाही.

सुरतवासी_नंदुरबारी

मी सुरतला नोकरीला आहे. एक सांगू का, मुंबई-पुण्यामागे कशाला धावता? आपल्या नंदुरबारला सुरत जवळ. आपली माणसं ऊस तोडतात ती गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी. त्यांच्याकडे सीएसआर मागा ना. त्यांचंच देणं लागतं.

जुनी_फाईल

भावना पटते, पण त्या भागातले बरेच कारखाने सहकारी आहेत. सीएसआरचं कलम १३५ हे कंपनी कायद्यातलं, सहकारी संस्थेला ते लागू होत नाही. तिथे मागणं म्हणजे देणगी मागणं, तेही करा, पण सीएसआर म्हणून नाही. सुरतच्या खाजगी कंपन्यांकडे मागायचं मात्र विचार करण्यासारखं आहे.

कायदा म्हणतो की कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. प्राधान्य, सक्ती नाही. आणि "आसपास" कुठे संपतं हे कुणी आखून दिलेलं नाही. ज्या कंपनीत काम करणारी माणसं नंदुरबारची, तिला नंदुरबार आपला भाग वाटू शकतो. तो मुद्दा तुम्ही मांडायचा, त्यांच्याकडून येईल याची वाट बघायची नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. साक्रीत ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मालक कंपन्यांची कार्यालयं दूरच्या शहरात, पण पाती फिरतात आपल्याकडे. उपकेंद्राच्या फाटकावरची पाटी वाचा, कंपनीचं नाव घ्या, मग तिचा वार्षिक अहवाल उघडा. साक्रीच्या पश्चिम भागातूनही माणसं गुजरातला जातात, तेव्हा तुमचा विषय त्यांना परका नाही.

आणि नंदुरबार हा आकांक्षित जिल्हा आहे, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्र सरकारने खास लक्ष द्यायला निवडलेला. २०१८ मध्ये महाराष्ट्रातून चार जिल्हे घेतले: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचा उस्मानाबाद. कित्येक कंपन्यांच्या सीएसआर धोरणात आकांक्षित जिल्ह्यांना प्राधान्य असं लिहिलेलं असतं. ते वाक्य ज्या धोरणात आहे त्या कंपनीला मेलच्या पहिल्या ओळीत "नंदुरबार, आकांक्षित जिल्हा" लिहिलं की समितीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

पायवाट_शहादा

वार्षिक अहवाल उघडून बघायचं काय? मी एक उघडला, तीनशे पानं होती.

जुनी_फाईल

तीनशे वाचायची नाहीत. संचालकांच्या अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट जोडलेलं असतं, तेवढंच. एक जुनी खूण सांगतो. २०२०-२१ आणि २०२१-२२ च्या अहवालांत त्या परिशिष्टात प्रत्येक प्रकल्पाचा तक्ता असायचा: प्रकल्प, जिल्हा, रक्कम, कोणत्या संस्थेमार्फत. सप्टेंबर २०२२ मध्ये नमुना बदलला आणि तो तक्ता आटला. काही कंपन्या अजून देतात, बऱ्याच नाही. म्हणून आधी त्या दोन वर्षांचे अहवाल काढायचे आणि पानावर "नंदुरबार", "धुळे", "जळगाव" शोधायचं. त्याशिवाय मंजूर प्रकल्प कंपनीला वेबसाइटवर टाकावे लागतात, ते बघा. csr.gov.in वरही कंपनीनिहाय माहिती मिळते, पण ती वर्ष-दीड वर्ष मागे असते.

यातून तुम्हाला कंपनी मिळतेच, पण खरी कमाई म्हणजे संस्थेचं नाव. आपल्या जिल्ह्यात त्या कंपनीचे पैसे घेऊन काम करणारी संस्था. तिच्याकडे जाऊन बसायचं. तीच तुम्हाला सांगेल की ऑफिसर कोण, कसा आहे, कोणत्या महिन्यात मोकळा असतो, कशाला चिडतो. चाळीस मेलपेक्षा असं एक दार बरं.

टेकडीवरून

म्हणजे फिरून तेच, ओळख! तुमच्याकडे काम आहे, पोरं आहेत, आणि मॅडमच्या मर्जीसाठी अहवाल चाळत बसायचं. मी पाच वर्षं संस्था चालवली, शेवटी बंद केली. ऑफिसरला इंग्रजी बोलणारा माणूस आवडतो, पाड्यावर राहणारा नाही. जुनी_फाईल, तुम्ही आत होतात म्हणून तुम्हाला ती फाईल वाटते, आम्हाला ती भिंत वाटते.

जुनी_फाईल

यात खोटं काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या शंभर मेलपैकी ज्याला ओळखीच्या संस्थेने पुढे पाठवलं, तो मी आधी उघडायचो. बाकीच्यांवर अन्याय व्हायचा. मी सोडलं त्याच्या कारणांमध्ये तेही एक आहे, पण तो वेगळा धागा होईल.

भाऊ_शिरपूर

वेगळा धागा काढाच सर.

पायवाट_शहादा

टेकडीवरून, तुमचं दुखणं कळतं. पण नोव्हेंबर दीड महिन्यावर आलाय आणि पोरं थांबणार नाहीत. जुनी_फाईल सर, शेजारच्या तालुक्यात एक संस्था सापडली, त्यांना एका कंपनीचे पैसे मिळतात. जाऊन काय बोलू? "आमची ओळख करून द्या" म्हणायला लाज वाटते. आणि ते देतील का? त्यांचाच वाटा कमी व्हायचा.

जुनी_फाईल

ती भीती असतेच, म्हणून त्यांच्या पैशाला हात न लागेल असं मागा. पहिल्या भेटीत ओळख मागू नका. त्यांचं काम बघा, तुमच्या पोरांची यादी दाखवा, शक्य असेल तर मदत करा. त्यांच्या पाड्यावरची पोरं तुमच्या केंद्रावर येऊ शकतात का, हे विचारा. दुसऱ्या भेटीत एक मेल तयार घेऊन जा. तो असा हवा की त्यांनी एक अक्षर न बदलता पुढे ढकलला तरी चालेल. इंग्रजीत लिहा, पण सोपं. मजकूर साधारण असा:

"धडगाव तालुक्यातल्या दोन पाड्यांवर आम्ही ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मागे राहिलेल्या मुलांचं केंद्र नोव्हेंबर ते एप्रिल चालवतो. गेल्या हंगामात ६४ मुलं होती, दर मुलामागे महिन्याला ३,२३५ रुपये लागतात. आपण आत्ता पैसे द्यावेत अशी विनंती नाही. हे काम आपल्या विषयात बसतं का, एवढं जाणून घ्यायला वीस मिनिटं बोलता येईल का? डिसेंबरमध्ये केंद्र बघायला येणार असाल तर मुक्कामाची सोय करू. तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागाल तेव्हा पाठवतो."

एवढंच. फोटो नाही, वीस पानांचा प्रस्ताव नाही. "बसत नाही" असं उत्तर आलं तरी चालेल, मग विचारा, "मग कुणाच्या विषयात बसेल असं तुम्हाला वाटतं?" नाही म्हणणाऱ्या ऑफिसरनेच मला दोन वेळा चांगली संस्था पुढे पाठवली होती.

आणि ज्या मॅडम येऊन गेल्या त्यांना सोडू नका. त्यांना आज लिहा की ऑगस्टची वेळ आमची चुकली, चूक कबूल. मुलांची यादी, आईबाप कुठल्या गावाला गेले त्याची नोंद, गेल्या हंगामाचं हजेरीपत्रक पाठवतोय, डिसेंबरमध्ये या. हजेरीपत्रक खरं असू द्या. रोज ६४ पैकी ६४ हजर दिसले तर कुणीही विश्वास ठेवणार नाही.

आकडेमोड_धुळे

वेळेबद्दल मी भर घालतो. कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण जानेवारीपासून शिजतो, म्हणजे डिसेंबरची भेट बरोबर बसते. आणि फेब्रुवारीत अचानक फोन येतो, "चार दिवसांत छोटा प्रस्ताव द्या." पैसे शिल्लक राहिलेले असतात. चालू, अनेक वर्षांच्या प्रकल्पाचे नसतील तर सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावे लागतात, म्हणून घाई. पण पैसे दिले की खर्च झाला, असं कंपनीला धरता येत नाही, वापरल्याचं पत्र तुमच्याकडून लागतं. ताई, तुमचं केंद्र तेव्हा चालू असतं, तर फेब्रुवारी-मार्चची किराणा बिलं नीट ठेवा. दोन-तीन लाखांचा एक छोटा प्रस्ताव तयार असू द्या.

सुरतवासी_नंदुरबारी

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या संस्थेला परदेशातून पैसे येतात, त्यांच्याकडून थोडे आपल्या संस्थेला फिरवून घेता येतील ना? माझ्या मित्राने दहा वर्षांपूर्वी केलं होतं.

जुनी_फाईल

दहा वर्षांपूर्वी जमायचं. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला, तेव्हापासून परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ते दार बंद. मोठी संस्था तुम्हाला प्रशिक्षण देऊ शकते, सोबत काम करू शकते, पैसे देऊ शकत नाही.

पायवाट_शहादा

आणि मॅडमनी नोकरी सोडली तर? गेल्या वर्षी एका सरांशी छान बोलणं झालं होतं, सहा महिन्यांनी मेल परत आला, पत्ता अस्तित्वात नाही.

जुनी_फाईल

हे होणारच, ऑफिसर फार काळ एका जागी टिकत नाहीत. म्हणून पहिल्या भेटीनंतरच विचारायचं, "तुमच्या सोबत हे काम आणखी कोण बघतं? त्यांनाही प्रतीत ठेवू का?" पण थेट वरिष्ठाला परस्पर लिहू नका, ऑफिसरला ते पाठीत वार केल्यासारखं वाटतं.

टेकडीवरून

माझा अनुभव उलटा. ऑफिसरकडे सात महिने फाईल पडली होती, वरिष्ठाला लिहिल्यावर आठवड्यात हलली.

जुनी_फाईल

हललीसुद्धा असेल. पुढच्या वर्षी तोच ऑफिसर तुमच्या फाईलशी कसा वागला?

टेकडीवरून

पुढचं वर्ष आलंच नाही. पण त्या वर्षी पोरांना जेवण मिळालं.

भाऊ_शिरपूर

दोघंही बरोबर आहात भो. ताई, परिषदेचं काय ठरलं?

जुनी_फाईल

माझं मत, यंदा जाऊ नये. व्यासपीठावरचे ऑफिसर तिथे दहा मिनिटं भेटतात आणि दोनशे जण कार्ड देतात. पण काहींना तिथेच पहिली ओळख झाली, मी नाकारत नाही. कुणाला ठरलेल्या वेळी भेटायचं असेल तरच तिकीट काढा.

केळीबाग_रावेर

मला काही त्यातलं कळत नाही, पण आठ हजारात वाचनालयाला दोन कपाटं येतात.

पायवाट_शहादा

परिषद रद्द. त्या शेजारच्या संस्थेच्या दादांना फोन केला, ते म्हणाले रविवारी जेवायलाच या. मॅडमना मेल आज सकाळी गेला, हजेरीपत्रकासकट. १७ जानेवारीला २१ पोरं गैरहजर होती, त्या दिवशी गावात लग्न होतं, ते तसंच राहू दिलं. दुपारी त्यांचा दोन ओळींचा मेल आला: "डिसेंबर कळवते. नोव्हेंबरचा किराणा कोण भरतंय?"

याला काय उत्तर देऊ, जुनी_फाईल सर? खरं सांगायचं तर अजून कुणी नाही.

जुनी_फाईल

खरंच लिहा. किती जमलंय आणि किती कमी पडतंय, दोन्ही आकडे द्या. हा त्यांचा पहिला खरा प्रश्न आहे. फोन नंबर असेल तर मेलपेक्षा फोन करा, पण संध्याकाळी पाचनंतर.